बाबांच्या खोलीची भिंत

लेकीच्या घरी राहायला आल्यापासून बाबांचा पाय एका जागी ठरत नव्हता. खोलीतून बाहेर यायचे, दारापाशी जाऊन चपला शोधायचे, पुन्हा आत जायचे.

"चल, घरी जाऊ," ते लेकीला म्हणायचे. "इथल्या लोकांना उगाच त्रास नको."

"बाबा, हेच घर आहे. माझं."

"हो गं, छान आहे. पण आपल्या घरी कधी जायचं?"

जुनं घर विकलं होतं. नव्या मालकांनी बाबांची खोली पाडून तिथे मोठा दिवाणखाना केला होता. हे बाबांना सांगून पाहिलं, तर दर वेळी नव्याने धक्का बसायचा. शेवटी तिने सांगणंच सोडून दिलं. बाबांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओळखीच्या वस्तू आसपास ठेवा. कधीकधी बरं वाटतं त्यांना. खात्री मात्र देत नाही."

मग तिने बाबांचा पलंग आणला, आरसा आणला, दाढीचा कप आणला. आणि भिंतीही तशाच करायच्या ठरवल्या. तिच्या फोनमध्ये त्या खोलीचा एक फोटो होता: बाबा पलंगावर बसलेले, मागे भिंत, छान सायीसारखी. तो दाखवून तिने रंगाऱ्याकडून खोली सायीच्या रंगाची करून घेतली.

बाबा दारातच थांबले. "कुणाला दाखल केलंय इथे?" त्यांनी हळूच विचारलं आणि मागे फिरले. त्या दिवसापासून ते बाहेरच्या कोचावरच बसू लागले. बसू लागले म्हणजे काय, दर थोड्या वेळाने उठू लागले.

तिने भावाला फोन केला.

"साय?" दादा म्हणाला. "कुठून काढलंस? ती खोली निळी होती."

"अरे, फोटो आहे माझ्याकडे!"

"फोटो असेल. मी त्या खोलीत अभ्यास केलाय. निळी होती. हिरवट निळी म्हण हवं तर."

"हिरवी की निळी?"

"आता इतकं कोण बघतं!"

तिने चिडून फोन ठेवला. पण डोळे मिटून खोली आठवायला गेली, तर फोटोच समोर यायचा. फोटोच्या आधीचं काही सापडेचना.

दुसऱ्या दिवशी ती रंगाच्या दुकानात गेली. तिथे मशीनवर रंग मिसळून देणाऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना शेडताई म्हणत. पाच-सहा डबे रांगेत होते, मशीन खडखडत होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि मान हलवली.

"भिंतीचा पोपडा आणा. नखाएवढा चालेल."

"भिंतच राहिली नाही."

"मग दिवसाउजेडी काढलेला दुसरा फोटो?"

"नाही हो. आम्ही सगळे संध्याकाळीच जमायचो."

"फोटोवरून रंग नाही सांगत मी," शेडताई म्हणाल्या. "हा पिवळ्या दिव्याखाली काढलाय. त्यात सगळंच पिवळं होतं. फोन आपल्या मनाने थोडं पिवळं काढतो, थोडं ठेवतो. किती काढलं ते कुणाला कळणार? चुकलं की लोक माझ्या नावाने खडे फोडतात."

"चुकलं तर चुकू दे. बाबा खोलीत पाऊल टाकत नाहीत."

शेडताईंनी मशीन थांबवलं. फोटो मोठा करून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "हे दिव्याच्या बटणांचं पांढरं पॅनल..." त्या पुटपुटल्या. "नको, जुनं प्लास्टिक आपणहून पिवळं पडतं. हा बाबांच्या शेजारचा कप कसला?"

"दाढीचा. चिनी मातीचा. अजून आहे."

"पांढरा?"

"पांढराच."

"आणा."

ती रिक्षाने घरी गेली आणि कप घेऊन आली. शेडताईंनी तो दुकानाच्या दाराशी, उजेडात, कोऱ्या कागदावर ठेवला. कप कागदाइतकाच पांढरा होता, जवळजवळ.

"आता फोटोत बघा. कपाचा रंग कसा दिसतो?"

तिने पाहिलं. आजवर तिला तो पांढराच दिसला होता. आता नीट पाहिल्यावर दचकली. "लोण्यासारखा! चांगलाच पिवळा."

"आणि भिंत?"

"भिंत... कपापेक्षा कमी पिवळी."

"दोन्ही एकाच दिव्याखाली, शेजारी शेजारी. पांढरा कप एवढा पिवळा झाला आणि भिंत त्याहून कमी झाली. भिंत सायीची असती तर ती कपाहून पिवळी दिसली असती. म्हणजे भिंतीत निळं होतं. दिव्याच्या पिवळ्याने ते झाकून टाकलं."

बाबांच्या खोलीचा रंग तिने पुसला होता, स्वतःच्याच आठवणीतून.

"मग निळी की हिरवट?"

"ते अजून सांगता येत नाही." शेडताईंनी कॉम्प्युटरवर फोटो घेतला, कप पांढरा होईपर्यंत पिवळेपणा उतरवला. भिंत फिकट, राखाडी छटेची निळी झाली. "हा नुसता अंदाज. दोन पाट्या रंगवून देते, एक निळी, एक हिरवट. वाळू द्या पूर्ण, ओला रंग फसवतो. मग खोलीत तसलाच पिवळा दिवा लावा, बाकीचे बंद. पाटीपुढे हाच कप ठेवा आणि याच फोनने फोटो काढा. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा."

संध्याकाळी तिने पडदे ओढले, पिवळा दिवा लावला. बाहेर बाबांच्या येरझाऱ्या चालू होत्या. दाराची कडी वाजत होती. हिरवट पाटीच्या फोटोत कप लोण्यासारखा आला, पण पाटी शेवाळलेली दिसली. जुन्या फोटोत हिरव्याचा मागमूस नव्हता. निळी पाटी ठेवली. तिच्याच डोळ्यांसमोर निळी असलेली ती पाटी फोनमध्ये सायीकडे झुकली! फक्त जरा गडद होती.

तिने दोन्ही फोटो शेडताईंना पाठवले. "रंग तोच वाटतोय," त्यांचा लगेच फोन आला. "फिका करायला हवा. अर्धा पांढरा घालते. उद्या परत बघा."

नवी पाटी ठेवली तेव्हा दोन फोटोंतला फरक तिला सांगता येईना. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रंगारी भिंतीवर रोलर फिरवत असताना ती तीनदा विचारून आली, "वाळल्यावर असाच राहील ना?" तिसऱ्या वेळी रंगाऱ्याने नुसता रोलर पुन्हा रंगात बुडवला.

रंग वाळला, वास गेला, तेव्हा तिने बाबांना हाताला धरून दारापर्यंत आणलं. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. भिंत निळी होती, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी. बाबा उंबऱ्यावर थबकले. तिने त्यांचा हात सोडला.

ते आत गेले. भिंतीवरून तळवा फिरवला.

"तुझ्या आईला हा रंग कधीच आवडला नाही," ते म्हणाले. "म्हणायची, खोली आहे का थंडीची हुडहुडी! मी मात्र हट्टाने लावला."

ती दारातच बसली. हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, बाबांनीसुद्धा. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं.

"मग आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? बोलली नाही दोन दिवस." बाबा पलंगाच्या कडेवर बसले. लगेच उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर पाहिलं. "ही खिडकी इथे नव्हती."

"नव्हती, बाबा."

"हं." ते परत आले, बसले. पुन्हा उठतील म्हणून ती वाट पाहत राहिली. त्यांचे पाय हलत होते, चपला शोधत असल्यासारखे. मग त्यांनी पाय वर घेतले.

"पलंग भिंतीला लाव," ते म्हणाले. "असा मध्ये कशाला ठेवलाय?"

तिने पलंग बाबांसकट ढकलायला सुरुवात केली. तो जागचा हलेना. बाबा वर बसून सांगत राहिले, "अजून, अजून थोडा."