तीन वाटा, एक उशी

आई सात महिने अंथरुणाला खिळून होती आणि तिच्या पाठीवर पडून राहून होणारी एकही जखम झाली नव्हती. तिला सांभाळणाऱ्या लेकीला, नर्सबाईंना, त्याचं समाधान होतं. आई गेल्यावर मात्र हॉस्पिटलच्या वॉर्डात पुन्हा पाऊल ठेवायला मन धजेना. त्यांनी नोकरी सोडली आणि थोरल्या भावाला सांगितलं, "दादा, मला अंथरुणाला खिळलेल्यांसाठीच काहीतरी करायचंय. काय, ते अजून कळत नाही."

दादा छोट्या धंद्यांचे हिशेब बघायचा. त्याने बरेच धंदे उभे राहताना पाहिले होते, आणि बसतानाही.

"घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळलेस तर पैसे लगेच सुरू होतील," तो म्हणाला. "पण तुझे हात दोनच. तू आजारी पडलीस की धंदाही आजारी. आईसाठी केलीस तशी उशी विकलीस तर तू झोपलेली असतानाही ती विकली जाईल. पण आधी पैसे ओतायचे, माल भरायचा, परत आला तर तोही सांभाळायचा. रुग्ण कसा सांभाळायचा याचे व्हिडिओ करायला खर्च थोडा, पण लोकांचा विश्वास बसायला वर्ष जाईल, दोन जातील, आणि तरी पैसे मिळतीलच असं नाही."

"मग मी काय करू?"

"सध्या काहीच ठरवू नकोस. तिन्हींचा घास घेऊन बघ, ताट वाढून घेऊ नकोस."

नर्सबाईंचा जीव उशीवर होता. आईला कुशीवर कलतं ठेवायला त्यांनी फोमची तिरकी उशी कापून घेतली होती. फोमवाला म्हणत होता, तीनशेची ऑर्डर द्या, भाव निम्म्यावर आणतो. त्या आगाऊ रक्कम द्यायला निघाल्याही होत्या. वहिनीने त्यांना दारातच अडवलं. "वन्सं, त्या तीनशे उश्या विकल्या नाहीत तर आपण सगळे त्यांच्यावरच झोपायचं का?" दोघी हसल्या, पण नर्सबाई परत फिरल्या आणि फक्त तीन उश्या करून घेतल्या.

पहिली उशी ओळखीतल्या एका शिंपीणबाईंकडे गेली. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता. उशीबरोबर नर्सबाईंनी वहिनीकडून फोनवर काढून घेतलेला एक छोटा व्हिडिओही पाठवला. रुग्णाला ओढायचं नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, असं सगळं त्यात होतं.

दोन दिवसांनी शिंपीणबाईंचा फोन आला. "छान आहे हो उशी. ह्यांना शांत झोप लागते."

नर्सबाई बघायला गेल्या. उशी नवऱ्याच्या डोक्याखाली होती. त्यांनी त्याला हळूच कुशीवर केलं. माकडहाडाजवळ लाल चट्टा होता. बोटाने दाबलं तरी लाली हटेना. जखमेची ही सुरुवात होती.

"व्हिडिओ पाहिलात ना?"

"चार वेळा पाहिला." शिंपीणबाईंनी पदराने डोळे टिपले. "कळलं सगळं. पण हे जड आहेत. एकदा वळवायला गेले आणि हे कळवळले. मग हातच लावायची हिंमत होईना."

नर्सबाईंनी शिंपीणबाईंचा एक हात नवऱ्याच्या खांद्यामागे ठेवला, दुसरा कमरेमागे, आणि वर आपले हात ठेवले. "आता माझ्याबरोबर." तो वळला. कण्हला नाही. उशी पाठीमागे सरकवली, गुडघ्यांमध्ये चादरीची मऊ घडी ठेवली. मग पुन्हा, आणि पुन्हा, जोवर शिंपीणबाईंनी एकटीने केलं नाही तोवर.

घरी येऊन त्या दादाला म्हणाल्या, "फोमवाल्याला नाही म्हणून सांगते. उशी चांगली आहे, पण ती एकटी कामाची नाही. व्हिडिओही एकटा नाही. लोकांना कुणीतरी एकदा हात धरून शिकवणारं लागतं. आधी तेच करते. घरोघरी कुठे अडतं ते कळू दे, मग बाकीचं बघू."

"म्हणजे ठरलं?"

"नाही ठरलं. पण सुरुवात कुठून करायची ते कळलं."

त्यांनी कामाला सुरुवात केली. काम मिळत गेलं, आणि पहिल्याच महिन्यात त्यांची कंबर धरली. दोन घरांना नाही म्हणावं लागलं, आणि त्यातल्या एका घरी आजोबांना खोल जखम झाल्याचं नंतर कानावर आलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. दादाचं 'हात दोनच' आता त्यांना नीट समजलं.

शिंपीणबाईंच्या नवऱ्याचा चट्टा विरला, पण काही आठवड्यांनी तो न्यूमोनियाने गेला. नर्सबाई भेटायला गेल्या. कोपऱ्यात शिलाई मशीन झाकलेलं होतं.

"शेवटी आंघोळ घातली तेव्हा पाठ अगदी स्वच्छ होती," शिंपीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "वरच्या मजल्यावरच्या आजी पडून आहेत. सून घाबरते. मी शिकवू का तिला? तुम्ही एकदा सोबत चला, मी बरोबर करतेय का ते बघायला."

नर्सबाईंनी चपला घातल्या. "चला," त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा."