डोंगराच्या मागे लावलेला गडगडाट

पोलादपूरच्या कचेरीत नायब तहसीलदारांनी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि सलोनीकडे असं पाहिलं, की जणू ती वर्गात फटाका वाजवताना सापडली होती.

"उन्हं पडलीत व्हिडिओत. पानं चमकतायत. आणि आभाळ गडगडतंय! कुठल्या गावात असा पाऊस पडतो, सांगा मला."

सलोनीच्या हातात अर्ज होता. कापडे गावाच्या वर डोंगराच्या कुशीत आंबेमाळ नावाची वाडी आहे, तिथल्या माणसांच्या सह्या-अंगठ्यांचा. वाडीच्या मागच्या उताराला भेग पडली आहे, ओहोळाचं पाणी लाल झालं आहे, आम्हाला खाली हलवा, एवढंच त्यात होतं. ती वाडी सलोनीचं माहेर. ती स्वतः महाडला राहते आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तौकीरबरोबर व्हिडिओचा स्टुडिओ चालवते. दोघांची भागीदारी. लग्नं, बारशी, दुकानांच्या जाहिराती.

"साहेब, कुठला व्हिडिओ?" तिने विचारलं, कारण तिला खरंच कळलं नव्हतं.

साहेबांनी मोबाईल सुलटा केला आणि आवाज वाढवला.

तिचाच व्हिडिओ होता. दोन दिवसांपूर्वी उघडीप पडली तेव्हा तिने फोनवर काढलेला. मंजुळाकाकी पदर खोचून पुढे चालते आहे, वळून म्हणते आहे, "ही बघ भेग, काल हात जात होता, आज पाय जातोय." पण आता काकी बोलायच्या आधी कुठूनतरी एक सूर चढत चढत वर येत होता, लिफ्ट वर जावी तसा. भेग दिसली की धाडकन दणका. दृश्य बदललं की सूंऽई करून वारा चिरत जायचा. आणि या सगळ्याच्या मागे ढगांचा गडगडाट, तोही सारखा तोच तोच. काकी शेवटी म्हणते, "डोंगर फुटतोय गो", तर "फुटतोय"वर असा दणका होता की टेबलावरचा ग्लास थरथरावा.

"वरून फोन येतायत मला," साहेब म्हणाले. "कोण अफवा पसरवतंय म्हणून. आवाज चिकटवलाय ते लहान पोरालाही कळतंय. मग भेग चिकटवली नसेल कशावरून?"

"भेग खरी आहे साहेब. चला माझ्याबरोबर, आत्ता चला."

"पोलादपूरच्या प्रत्येक रीलच्या मागे मी पळू का?" त्यांनी अर्ज फायलींच्या ढिगात ठेवला, सगळ्यात वर नाही, मध्ये कुठेतरी सरकवून. "तुम्ही लोक स्वतःच स्वतःचं वाटोळं करता."

सलोनी बाहेर आली. तिचे कान तापले होते. रिक्षावाला दोनदा हाक मारून गेला, तिला ऐकू आलं नाही. महाडची एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि सगळ्या वाटेवर ती पुटपुटत राहिली. शेजारच्या बाईने दचकून पिशवी मांडीवर घेतली.

व्हिडिओ तिने तौकीरला दिला होता तो फक्त पेजवर टाकायला. मागचा-पुढचा हलणारा भाग काप आणि टाक. इतकंच.

तौकीर एडिटिंगच्या टाइमलाइनवर एक लग्न लावून बसला होता. ती आत आली तशी त्याने खुर्ची फिरवली, चेहऱ्यावर आनंद. "बघितलंस? लाखाच्या वर गेला! कुठकुठून लोक विचारतायत, ही वाडी कुठे आहे. दुबईहून माझ्या खालूने फोन केला."

"उघड."

"काय?"

"आंबेमाळचं प्रोजेक्ट उघड."

त्याने उघडलं. स्क्रीनवर वर चित्राची पट्टी आणि खाली आवाजाच्या पट्ट्या, एकाखाली एक, रंगीबेरंगी. सलोनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि त्याच्या हातातला माऊस काढून घेतला.

"हे काय?"

"रायझर, चढता सूर. लोकांना कळलं पाहिजे ना, पुढे काहीतरी येतंय. नाहीतर बोट पुढच्या रीलवर सरकतं."

"हे?"

"व्हूश. तू तीन ठिकाणी थांबवून काढलं होतंस, जोड दिसत होते. जोडावर व्हूश टाकला की कट लपतो. तुला माहितीये हे, आपण रोज करतो."

"आणि हा दणका?"

"इम्पॅक्ट. त्याच्याखाली थोडा बेस. सलोनी, ऐक ना. मी आधी साधा टाकला होता. तुझा होता तसाच. दिवसभर कोणी थांबलं नाही. आपलेच चार लोक आणि तुझी वहिनी. मग मी म्हटलं, भीती वाटायला हवी तर वाटू दे की! माणसं मरतील उद्या."

"भीती साहेबांना वाटली नाही. साहेब हसले. भेगही चिकटवली असेल म्हणाले." तिचा आवाज चढला. समोरच्या झेरॉक्सवाल्याने मान वर काढली. "काकी तोंडाने सांगतेय, डोंगर फुटतोय. तिच्या बोलण्यावर तू ढोल वाजवलास! ती नाटकात काम करतेय का?"

"मी मदत करत होतो."

"पाऊस कुठून आणलास?"

"आवाजांच्या लायब्ररीतून," तौकीर जरा खाली पाहत म्हणाला. "आपल्याकडे 'डोंगरातलं वादळ' नावाची फाईल आहे. मागचा आवाज, अँबियन्स, रिकामा वाटत होता. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर होती, मी नॉइज रिडक्शन मारलं, टकटक येत होती ती क्लिक काढायच्या टूलने काढली. मग मागे काहीच उरेना. म्हणून—"

"टकटक काढलीस?"



तिने एकेक पट्टी बंद केली. गडगडाट बंद. दणके बंद. व्हूश, रायझर, बेस, सगळे बंद. मग काकीच्या आवाजावरची दोन्ही टूल्स काढली. मूळ फाईल उरली. तिने हेडफोन उचलले आणि त्याच्या डोक्यावर अक्षरशः दाबून बसवले.

आधी ओहोळाची खळखळ होती. फोनच्या माईकची खरखर. काकीचं बोलणं, लांबून एक कोंबडा. काकी भेगेपाशी थांबली, गप्प झाली. आणि त्या गप्प झाल्यावर मागे टक्. थोड्या वेळाने टक्, टक्. मग बारीक वाळू सांडावी तशी सरसर.

तौकीरने डोळे मिटले. पुन्हा मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

"दगड आहेत," तो म्हणाला.

"उतारावरून सुटून पडतायत. काकी गप्प का झाली माहितीये? ती तेच ऐकत होती. मी कॅमेरा मुद्दाम धरून ठेवला होता. तू बरोबर तेच धुऊन टाकलंस आणि वर ढग लावलेस!"

"मला वाटलं माईकला बोट लागतंय."

"मला विचारायचं होतंस रे!"

सलोनीला त्याला अजून बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. शिवाय एक गोष्ट आतून टोचत होती, आणि त्यामुळेच राग जास्त पेटत होता: साधा व्हिडिओ खरंच कोणी पाहिला नव्हता. खऱ्या दगडाला कोणी थांबत नाही, खोट्या ढगाला लाख माणसं थांबतात, हे कोणाच्या तोंडावर मारायचं? तौकीर समोर होता म्हणून तो सापडला.

"पेजवरून काढ," ती म्हणाली. "साधा टाक. आणि उद्या कचेरीत तू येणार. तू सांगणार, आवाज मी घातले म्हणून."

"येतो."

दुसऱ्या दिवशी साहेब आधी चिडले. तौकीरने उभ्याउभ्याच सांगितलं, "साहेब, आवाज सगळे माझे. भेग माझी नाही." त्याने एकही गोष्ट लपवली नाही. दोन्ही फाईली त्याने आणल्या होत्या, मूळ आणि सजवलेली.

साहेबांच्या शेजारी जिल्ह्याहून आलेली एक बाई बसली होती, प्रियदर्शिनी नावाची. दरडींची पाहणी करायला तालुक्यात आली होती. तिने हात पुढे केला. "मूळ फाईल द्या. हेडफोन आहेत?"

तिने ऐकलं. मग आवाज बंद करून नुसतं पाहिलं, थांबवून थांबवून.

"टकटकीवरून मी काही ठरवणार नाही," ती सलोनीला म्हणाली. "फोनच्या माईकवर कशाचीही टकटक येते. पण हे पाणी पाहा, लाल आहे आणि भेगेच्या खालून निघतंय. आणि ती झाडं खाली कललीत. साहेब, हे मला आज बघायचंय."

"मी तर कालच म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

सलोनीने त्यांच्याकडे पाहिलं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिने गिळलं, कारण आत्ता गाडी त्यांचीच लागणार होती.

प्रियदर्शिनी चिखलातून वर चढली, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, दोरी लावली. तिथे असेतोवरच दोरी ताठली, भेग रुंदावत होती. त्याच संध्याकाळी वाडी खाली कापड्याच्या शाळेत आली. म्हातारी माणसं पाठीवर, गुरं दोरीला, गॅसच्या टाक्या डोक्यावर. मंजुळाकाकी शेवटी निघाली, कारण कोंबड्या सापडत नव्हत्या.

पुढे दोन दिवस पाऊस नुसता कोसळला. उतार सुटला तो भर दुपारी. मागची घरं गेली, भाताच्या तीन पट्ट्या गेल्या, देवाचा दगडही गेला. माणूस एकही गेला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सगळे उभे राहून वर बघत होते. काकी खाली बसली आणि जमिनीवर हात आपटत रडली. "माझं घर गेलं गो सलोनी! सासऱ्यानं बांधलेलं घर!" सलोनी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. जीव वाचला म्हणून समाधान मान, असं सांगायला कोणीतरी पुढे आलं, तिने त्याला हातानेच मागे सारलं.

तासाभरात कोणाच्यातरी मोबाईलवर बातमी लागली. चॅनेलवर आंबेमाळ दिसत होती, आणि मागे तोच गडगडाट, तेच दणके, "फुटतोय"वरचा तो बेस. तौकीरने व्हिडिओ काढून टाकला होता, पण तोवर तो हजार ठिकाणी उतरवून घेतला गेला होता. चॅनेलने वर स्वतःचे दोन दणके आणखी घातले होते.

काकीने डोळे पुसत मोबाईलकडे पाहिलं. "असा आवाज कुठं झाला? हितं तर नुसतं घुम्म झालं आन् माती खाली आली. एवढा वाजला असता तर भेग पडली तवाच पळालो असतो नाय?"

सलोनीचा फोन वाजला. चॅनेलचा माणूस. गोड बोलला, ताई म्हणाला. तुमच्या स्टुडिओचा तो जोरदार व्हिडिओ आहे, त्याची चांगल्या दर्जाची फाईल पाठवाल का, नाव देऊ.

"मूळ आहे, ती पाठवते. त्यात दगड पडताना ऐकू येतात."

"ती बघितली आम्ही, पेजवर आहे. जरा फ्लॅट आहे हो. तीच पाठवा, वादळवाली."

"तिथे वादळ नव्हतं."

"ते ठीक आहे ताई, पण प्रेक्षकाला—"

"प्रेक्षकाला सांगा, तिथे वादळ नव्हतं!" ती इतक्या जोरात ओरडली की व्हरांड्यातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "ऊन होतं. बाई उन्हात उभी राहून सांगत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. हे लावा तुमच्या चॅनेलवर. हिंमत असेल तर लावा!"

तिकडून फोन ठेवला गेला.

तौकीर गेटपाशी होता. महाडहून चटया आणि पाण्याचे कॅन घेऊन आला होता, मोहल्ल्यातली पोरं टेम्पोतून सामान उतरवत होती. त्याने सगळं ऐकलं होतं. जवळ येऊन तो म्हणाला, "अजून रागावलीस माझ्यावर?"

"हो."

"बरं."

तो तसाच उभा राहिला. मग तिने एका बाजूने कॅन धरला, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि दोघं तो आत घेऊन गेले.