उणिवांचा रकाना

पंचफुलाबाईला काय येत नाही हे सांगणारा माणूस खडकवाडीत अजून जन्माला यायचा होता. जन्मला असता तरी त्यानं तोंड उघडलं नसतं. शेळी अडली, बोलवा पंचफुलाबाईला. बोकडाचं पोट फुगलं, बोलवा पंचफुलाबाईला. तिचा हात लागला की जनावर उठून उभं राहतं, असं अख्खी वाडी म्हणायची, आणि सगळ्यांत आधी ती स्वतः म्हणायची. त्यात वाडीची एक जुनी रीत होती. ज्याच्या हाताला गुण आहे, त्याच्या हाताला नाव ठेवायचं नाही; ठेवलं की गुण निघून जातो. रीत कुणी घातली देव जाणे, पण पंचफुलाबाईला ती फार म्हणजे फार सोयीची होती.

दोन हजार चार साली औंढ्यातल्या एका संस्थेनं शेळ्यांसाठी पशुसेविका नेमायचं काढलं. दोन वाड्या मिळून एक बाई. तिला औषधांची बॅग मिळणार, गळ्यात ओळखपत्र मिळणार, आणि जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर तिच्याशी बसून बोलणार. पंचफुलाबाईचा जीव त्या बॅगेवर जडला. अकरा वर्षं ती फुकटात लोकांच्या शेळ्या बघत आली होती, आणि दवाखान्यातला शिपाई अजून तिला "ए मावशे, लाईनीत" म्हणायचा. बॅग घेऊन त्याच्यासमोरून जायचं, एकदाच का होईना, एवढीच तिची हौस होती. पण पलीकडच्या वाडीची नीलाबाईसुद्धा प्रशिक्षणाला बसली होती आणि ती सातवी शिकलेली. पंचफुलाबाईला साक्षरता वर्गानं सही शिकवली होती, त्यापुढं वर्गच बंद पडला.

प्रशिक्षण देणाऱ्या रागिणी मॅडम परभणीच्या. वयानं पंचफुलाबाईच्या सुनेएवढ्या, पण बोलणं पक्कं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला एक कागद दिला. वर पशुसेविकेची कामं छापलेली: ताप बघणं, वजनावर औषध देणं, खुरं, कास, वगैरे. प्रत्येक कामापुढं खूण करायची: एकटीला जमतं, मदतीनं जमतं की जमत नाही. खाली डाव्या हाताला बलस्थानं, उजव्या हाताला उणिवा. आणि सगळ्यात शेवटी एक चौकट, तीनच ओळींची; प्रत्येक ओळीत काय शिकायचं, कुणाकडून, आणि कधी करून दाखवायचं.

"चौकट भरल्याशिवाय निवड न्हाई," मॅडमनी सांगितलं. "शनिवारी बघणार."

घरी आल्याबरोबर पंचफुलाबाईनं सुनेला, दिपालीला, समोर बसवलं. दिपाली दहावी नापास, पण अक्षर मोत्यासारखं.

"लिही. सगळ्या कामांपुढं 'एकटीला जमतं'. आता डावीकडं. कष्टाळू. प्रामाणिक. हाताला गुण. शेळीचं मन ओळखते. कुणाला भीत न्हाई."

बलस्थानं सतरापर्यंत गेली, कागदाची डावी बाजू भरून समासात चढली. दिपालीनं पेन थांबवलं. "आणि उणिवा, आत्याबाई?"

"लिही. नवरा आळशी."

"ती मामांची उणीव झाली."

"मग लिही, सून उलटून बोलते."

दिपालीनं ओठ मिटून हसू गिळलं आणि ते लिहिलं. आपल्यावर आपल्याच हातानं ठपका लिहायची पाळी तिच्यावर आली होती, पण तिला त्यात गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी रागिणी मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला. "पंचफुलाबाई, तुमच्या कागदावर सगळ्या घराच्या उणिवा आहेत, तुमच्या सोडून."

"मला न्हाईतच तर कुठून आणू? बरं, राग लौकर येतो, हे लिवा."

"तो स्वभाव झाला. स्वभावाचं प्रशिक्षण मला देता येत न्हाई. मला असं काम सांगा, जे तुम्हाला आज जमत नाही आणि शिकवलं तर येत्या आठवड्यात जमेल. आणि 'जमतं' म्हणून खूण केली, त्याला पुरावा पाहिजे. स्वतःला कळत नसलं तर गावात विचारा."

पंचफुलाबाईनं गावात विचारलं. खरंच विचारलं, घरोघर. पण वाडीची रीत आडवी आली ना! हरिचंद म्हणाला, "तुमच्या हाताला नाव ठेवून माझ्या शेळ्या मारून घेऊ का?" शिवशंकर दोन्ही कान धरून आत पळाला. बारा घरं फिरून ती आणखी चार बलस्थानं घेऊन परतली. एक घर तेवढं तिनं वगळलं, भिंतीला भिंत लागून असलेलं मिराबाईचं. तीन वर्षं झाली, दोघींत बोलणं नव्हतं. आधी काय जीव होता! कालवणाची वाटी भिंतीवरून रोज इकडून तिकडं जायची. पण पंचफुलाबाईच्या चांदी शेळीला काळं कुळकुळीत पिलू झालं, मिराबाई त्याला बघून "किती गोड गं बाई" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पिलू तोंडाला फेस येऊन, थरथर कापत मेलं. पंचफुलाबाईनं अंगणात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं की मिराबाईची नजर लागली. मिराबाईनं शिलाई मशीन आत घेतलं आणि दार लोटलं.

गुरुवारी मॅडमनी प्रत्यक्ष काम घेतलं. समाजमंदिरापुढं एक शेळी आणि तिचं पिलू बांधलेलं. मॅडमनी ताणकाटा आणला होता. "आधी अंदाज सांगा."

नीलाबाई म्हणाली वीस. पंचफुलाबाईनं शेळीच्या छातीखाली हात घातला, जरा उचलल्यासारखं केलं. "पंधरा." मग पिलू कवळलं. "पाच."

काट्यावर शेळी पंधरा किलो भरली आणि पिलू पाच. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम खुश झाल्या. "हा पुरावा! हे खरं बलस्थान. 'कष्टाळू' खोडा आणि हे लिहा." पंचफुलाबाईनं पदर सारखा केला आणि नीलाबाईकडं असं बघितलं की ते बघणं उणिवांत धरायला हरकत नव्हती.

"आता जंताचं औषध. ह्या औषधाचं प्रमाण पाच किलोला एक मिली. भरा."

पुढ्यात ठेवलेली औषधाची पिचकारी तशीच सोडून पंचफुलाबाईनं बाटलीचं झाकण काढलं, काठोकाठ भरलं आणि शेळीकडं वळली.

"थांबा. आणि पिलाला किती देणार?"

"हेच. एक झाकण. मी कायम झाकणानंच देते."

"पिचकारीनं का न्हाई?"

पिचकारीवर काळ्या रेघा होत्या, मुंग्यांची रांग लागल्यासारख्या, आणि मधूनमधून आकडे. पंचफुलाबाईनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "उजेड कमी हाय," ती म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

मॅडमनी झाकणातलं औषध पिचकारीत ओढून घेतलं. "बघा, झाकणात पाच मिली मावतं. पाच किलोला एक. मग हे किती किलोच्या जनावराचं झालं?"

तोंडी हिशोबात पंचफुलाबाईला कुणी हरवलं नसतं. "पंचवीस. मोठ्या बोकडाचं."

"शेळीलाच जास्त झालं. आणि पाच किलोच्या पिलाला हे दिलं तर?"

"पाचपट," पंचफुलाबाई म्हणाली.

"ह्या औषधाचं पाचपट पिलाला सोसत न्हाई. तोंडाला फेस येतो, अंग कापतं..."

पुढचं पंचफुलाबाईला ऐकूच आलं नाही. तिला ते काळं पिलू दिसलं. त्या दिवशी सकाळी चांदीला एक झाकण पाजलं होतं, आणि उरलेल्या मायेनं पिलालाही एक. मोठ्या कौतुकानं, स्वतःच्या मांडीवर घेऊन. ती तिथंच बसली आणि बांधलेलं पिलू तिनं जवळ ओढलं. नीलाबाईनं पाणी आणून दिलं, तेही ती मुकाट्यानं प्याली. तिला इतकं वाईट वाटलं की रागवायचंसुद्धा सुचलं नाही.

संध्याकाळी तिनं दिपालीला परत बसवलं. "सगळं खोड. वजन ओळखते, शेळी अडली तर सोडवते, एवढंच राहू दे. आता शेवटची चौकट. पहिलं: पिचकारीवरच्या रेघा वाचता येत न्हाईत. दुसरं: तापाची नळी वाचता येत न्हाई, हात लावून सांगते. तिसरं: डॉक्टरकडं कधी पाठवायचं ते कळत न्हाई, आजवर पाठवलंच न्हाई."

दिपाली लिहिता लिहिता सासूकडं बघत राहिली. एवढं खरं त्या घरात एका दमात कुणी बोललं नव्हतं.

"कुणाकडून शिकणार? नळी मॅडमकडून, डॉक्टरचं डॉक्टरकडून. आणि रेघा? मी शिकवू का?"

"तू उलटून बोलतीस," पंचफुलाबाई म्हणाली, पण सवयीनं. मग तिनं भिंतीकडं बघितलं. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. गळ्यात टेप अडकवून दिवसभर रेघा मोजणारी बाई वाडीत एकच होती. "लिही," ती शेवटी म्हणाली. "मिराबाई."

पिचकारी पदराखाली घेऊन ती मिराबाईच्या दारात उभी राहिली. मशीन थांबलं.

"काय काम काढलं?" मिराबाईनं मान वर न करता विचारलं.

"मिरे, तुझी नजर लागली नव्हती." पंचफुलाबाईनं पदराखालची पिचकारी बाहेर काढली. "माझं झाकण लागलं. मीच मारलं ते पिलू. आणि गल्लीत उभं राहून तुझं नाव घेतलं."

मिराबाईनं कात्री खाली ठेवली. "तीन वर्षं लागली व्हय गं हे मोजायला?"

"मोजताच येत न्हाई ना मला. तेच शिकायला आले."

मिराबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. मग तांब्याभर पाणी आणलं, आणि दोघी उंबऱ्यात बसल्या. "ही लांब रेघ, हिच्यापाशी आकडा. ह्या बारक्या चार रेघा मधल्या. न्हाई गं, पिचकारी डोळ्यासमोर आण, वरून काय बघतीस, विहिरीत वाकल्यासारखी?" पिचकारीत पाणी भरून-सोडून दोन दिवस अंगण भिजलं.

शनिवारी पंचफुलाबाईनं मॅडमनी सांगितलेली पाच मापं पाचही वेळा बरोबर भरली. बाकी दोन उणिवांपुढंही शिकायच्या तारखा होत्या, म्हणून दवाखान्यात नेऊन बॅग तिलाच दिली. नीलाबाईच्या कागदावर अजून नऊ उणिवा होत्या आणि एकीपुढंही तारीख नव्हती; मॅडमनी तिला पुढच्या तुकडीत बोलावलं. आणि दवाखान्यातला शिपाई? तो त्या दिवशी रजेवर होता. असतंच एखाद्याचं नशीब!

बॅग घेऊन ती पहिली गेली ती मिराबाईच्याच गोठ्यात. तिच्या शेळीचं पिलू खंगत चाललं होतं. बघायला अर्धी वाडी जमली. पंचफुलाबाईनं पिलू कवळून वजन सांगितलं, सहा किलो, आणि पिचकारी भरून उन्हात धरली.

"बारकी एक रेघ पुढं गेली," मिराबाई म्हणाली. "मागं घे."

 हरिचंदनं तर डोळेच मिटले. वाडीत पहिल्यांदाच कुणीतरी त्या हाताला नाव ठेवलं होतं.

पंचफुलाबाईनं एक रेघ मागं घेतली, पिलाला औषध पाजलं आणि तोंड पुसलं. पाचव्या दिवशी पिलू आईच्या दुधाला लुचायला लागलं होतं, आणि भिंतीवरून कालवणाची वाटी आली.