नऊ नंबरची उपदाढ

आमच्या विभागात दातांचा एक डबा आहे. त्याचं झाकण उघडलं की फॉर्मालिनचा वास आधी नाकात जातो, मग डोळ्यांत, आणि त्यामागून तो दुसरा, जुन्या तोंडांचा वास येतो. अकरा वर्षं मी इथे शिकवते आहे, पण त्या वासाची मला सवय झालेली नाही. मामा, म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस, दात चाळणीत धुतात आणि त्याच हाताने कपाळ पुसतात. मी तोंड फिरवते.

वीस दात, वीस आकडे. दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत तेच वीस टेबलांवर मांडले जातात. मुलं एकेक दात उचलतात आणि लिहितात: वरचा की खालचा, कोणता, उजवा की डावा. प्रत्येकी दोन गुण. उत्तरांची यादी आमच्या विभागप्रमुखांच्या कपाटात असते. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात. यादी त्यांनीच फार पूर्वी केली, आणि आम्ही ती समोर ठेवून पेपर तपासतो. दात कोणी बघत नाही.

या वर्षी मोठ्या सरांना सुचलं की त्यांच्या चाळीस पानी नोट्सचा एका पानाचा तक्ता करायचा. "भागवार करा," ते म्हणाले. "ओठ-गाल, टाळू, जिभेखालचा भाग, मग वरचा जबडा, खालचा जबडा. मुलांना वाचायला वेळ नाही. ओळखायची एक खूण, बास."

एक खूण, बास. जणू दात म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या बस, पाटी वाचली की झालं.

तरी मी बसले. गालाच्या ओळीत लिहिलं: लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. वरच्या पहिल्या दाढेला तिरका उंचवटा, मुळं तीन. खालच्या दाढेला मुळं दोन. खालची मधली पटाशी, म्हणजे पुढचा चपटा दात, दोन्ही बाजूंनी इतकी सारखी की बाजू ओळखताना घाम फुटतो. इथवर ठीक चाललं होतं. मग सुळ्याच्या मागच्या दातांसाठी सरांचा नियम आला: टोकाच्या दोन उतारांपैकी आखूड उतार ज्या बाजूला, ती मिझिअल बाजू, म्हणजे तोंडाच्या मधल्या रेषेकडची. मिझिअल बाजू कळली की उजवा-डावा कळतो.

तक्ता खरा ठरतो का बघायला मी डबा घरी आणला. बहीण आली होती. जेवायच्या टेबलावर दात मांडलेले बघून ती किंचाळलीच. "अगं, शी! कुणाकुणाच्या तोंडातले! इथे आपण जेवतो!"

"धुतलेत."

"कुणी धुतलेत?"

मला मामांचं कपाळ आठवलं. ती ताट घेऊन पलंगावर जाऊन बसली.

नऊ नंबरला मी अडकले. वरची पहिली उपदाढ होती, म्हणजे सुळ्याला लागून मागचा दात; पिवळट, दोन मुळांची, मुळं सुरू होतात तिथे काळा चिकट थर. नियमाने ती डावी. यादीतही डावी. पण माझ्या नखाला एका बाजूला खळगा लागला, मुकुटापासून, म्हणजे हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागापासून, मुळावर उतरत गेलेला. कडेवर एक बारीक खाचही होती. असा खळगा वरच्या पहिल्या उपदाढेला मिझिअल बाजूलाच असतो. मुळं वर, गालाकडची बाजू माझ्याकडे धरली. खळगा माझ्या उजव्या हाताला आला. म्हणजे मधली रेषा तिकडे, आणि समोरच्या माणसाच्या तोंडात हा दात उजवा.

आणि मग आठवलं. मागच्या सगळ्या दातांत हा एकच उलटा असतो. त्याचा मिझिअल उतार लांब. सरांचा नियम नेमका इथेच तोंडावर आपटतो.

पाठोपाठ दुसरं आठवलं. मागच्या परीक्षेत एका मुलीने नऊ नंबरला "उजवी" लिहिलं होतं. जाड भिंगाचा चष्मा, म्हणून मुलं तिला दुर्बीण म्हणतात. ती एका गुणाने नापास झाली होती. तिच्या "उजवी"वर फुली मारणारं लाल पेन माझं होतं. मी दाताकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला जिन्यात गाठलं. "तू उजवी का लिहिलंस?"

ती घाबरली. "मॅडम, खळगा होता. चुकलं का?"

"नाही. बरोबर होतं."

तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मग मी नापास का?"

मी म्हटलं, "फेरपरीक्षेत जे दिसेल तेच लिही. यादी मी दुरुस्त करून घेते. माझा शब्द आहे."

शब्द! मोठ्या सरांनी दात हातातही घेतला नाही. "आता यादी बदलली तर मागचे सगळे निकाल उकरायला लोक येतील. मुलीचं म्हणाल तर दुसऱ्यांदा बसतेच आहे ना? होईल पास." मग माझ्या तक्त्यात मी जोडलेली ओळ त्यांनी पेनाने उडवली: अपवाद, वरची पहिली उपदाढ. "पान दोनवर जातंय," ते म्हणाले, आणि टूथपिकने दाढ कोरत राहिले. काडीच्या टोकाला जे निघालं ते त्यांनी बघितलं आणि परत तोंडात घातलं. मला शिसारी आली, आणि तरीही मी "बरं सर" म्हणाले. त्या "बरं सर"ची शिसारी जास्त आली.

तक्ता छापला, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला. खाली माझं नाव.

दुर्बिणीला मी काहीच सांगितलं नाही. ती दिसली की मी वळून दुसऱ्या दाराने जायचे. मनात मात्र ठरवून टाकलं होतं: तिने उजवी लिहिलं तर मी गुण देणार. बाहेरून आलेले परीक्षक यादीशी पडताळून विचारतील, तेव्हा दात पुढे करणार आणि सगळं सांगणार. रोज अंघोळ करताना मी ते भाषण म्हणायचे.

फेरपरीक्षेला सहाच मुलं होती. टेबलांवर पांढरी फडकी, त्यांवर दात, भिंतीवर तक्ता कागदाने झाकलेला. घंटी वाजली की मुलं एक टेबल पुढे सरकायची. दुर्बीण नवव्या टेबलाशी आली. तिने दात उचलला, मुळं वर केली, फिरवला. तिचं नख खळग्यात गेलेलं मला माझ्या खुर्चीवरून दिसलं. तिथे ते थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

घंटी वाजली. ती पुढे सरकली.

दुपारी पेपर माझ्यासमोर आले. नऊ नंबर: वरची, पहिली उपदाढ, डावी.

स्वच्छ अक्षर होतं, कुठे खाडाखोड नाही. यादीप्रमाणे बरोबर. मी लाल पेनाने दोन गुण दिले. ती पास झाली.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. पेढे नाहीत, हसू नाही. "मॅडम, तक्ता पाठ केला होता," एवढंच म्हणाली आणि खाली उतरली.

माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला असता, तर ती पास झाली असती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. माझा शब्द किती टिकणार, हे तिने आधीच ओळखलं होतं. मी वर जाऊन साबणाने हात धुतले, दोनदा, मग तिसऱ्यांदा. मामा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, नऊ नंबर तेवढा टेबलावरच राहिला होता." मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत डब्यात टाकला.