एक ते नव्याण्णव

माझ्या तोंडाला कुलूप असतं तर पुढचं महाभारत घडलंच नसतं. पण मास्तर माणूस. हुशारी दाखवायची संधी आली की जीभ वळवळते.

मी रामकिसन. दिंद्रुडपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि चौऱ्याण्णव साली रिटायर व्हायची वेळ आली. पोरं मला पाठीमागं तिखट मास्तर म्हणायची. म्हणू देत. गोड बोलून पाढे पाठ झालेले मी तरी पाहिले नाहीत.

माझ्या जागेसाठी दोनच अर्ज धडाचे आले. एक अपेक्षाचा. नागप्पा किराणावाल्याची लेक, माझ्याच हाताखाली शिकलेली. अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि दोन वर्षं मुलाखती देत फिरली. जिथं जावं तिथं जागा आधीच कुणाच्या तरी खिशात. शेवटी नागप्पा वैतागला. "बाई, ही शेवटची," म्हणाला. "यंदा न्हाई जमलं तर ती सर्टिफिकिटं पेटीत टाक अन् दुकानात बस." पोरगी रडली नाही, पण माझ्या घरी येऊन नुसती बसून राहिली. मला लई वाईट वाटलं.

दुसरा अर्ज बजरंगचा. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव, त्यांचा हा सख्खा भाचा. पोरगा मनानं सरळ, पण बी.एड. झालेलं कॉप्यांच्या पुण्याईनं.

सुंदरराव मात्र मला म्हणाले, "गुरुजी, उगं भाचा म्हणून घेतला असं कुणी म्हणायला नको. दोघांनी मैदानात, पोरांसमोर शिकवून दाखवायचं. प्रश्न तुमीच काढा."

आणि मी मूर्ख! चहाच्या कपासोबत सगळं ओकून मोकळा झालो. "एक ते शंभरची बेरीज विचारणार," म्हणालो. "ओळीनं मिळवत बसलं तर तास जातो. युक्ती ठाऊक असली की चुटकीसरशी. पाच हजार पन्नास!" सुंदररावांनी मान डोलावली. माणूस तसा वाईट नाही. पण ऐकलेलं सगळं रात्रीच्या जेवणाआधी बायकोच्या कानावर घातलं नाही तर त्यांना घास जात नाही. आणि त्या बाईंचा भाच्यावर भारी जीव.

शनिवारी सकाळी पाचवी-सहावीची पोरं मैदानात बसवली. दोन्ही वर्गांचा मिळून पट शंभर. मी एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्या करून आणल्या होत्या. पहिला नंबर बजरंगचा. मी म्हणालो, "एकपासून शंभरपर्यंत सगळ्या आकड्यांची..."

"पाच हजार पन्नास!" माझं वाक्य अजून तोंडातच होतं.

पोरांनी टाळ्या पिटल्या. सुंदररावांनी मिशीवर हात फिरवला, मग माझ्याकडं पाहिलं आणि खाली बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. असा संताप आला म्हणता! भाच्याचा नाही, माझ्याच जिभेचा. कोपऱ्यात अपेक्षा उभी होती. तिचा चेहरा उतरला. इथंही जागा आधीच गेली, हे तिला कळून चुकलं होतं.

पहिल्या ओळीतली चिमुरडी रुद्राणी उठली. "सर, कावून? पाच हजार पन्नासच का?"

"कावून म्हंजे? असतंच तेवढं."

"मग दाखवा की," मी म्हणालो. माझा आवाज चांगलाच चढला होता. "चिठ्ठ्या वाटा. पोरं ओळीत उभी करा."

बजरंगनं चिठ्ठ्या वाटल्या. रुद्राणीला एक आला. वाटून झाल्या, तर शंभरची चिठ्ठी हातात उरली. सहावीतला सटवा आला नव्हता. त्याच्या म्हशीला रेडकू झालं होतं म्हणे.

"एक पोरगं कमी हाय," बजरंग घाम पुसत म्हणाला. "आता कसं जमंल? सोमवारी घ्या."

"कशाला? नव्याण्णवपर्यंतच करा."

"नव्याण्णवपर्यंतचं..." तो मामाकडं बघायला लागला. "नव्याण्णवपर्यंतचं न्हवतं सांगितलं."

अहो, शंभर वजा केले की झालं! पण ते त्याला सुचलं नाही. पोरं खोखो हसली. सुंदरराव लाल झाले. मला हसू आलं आणि कीवही आली.

"अपेक्षा, ये," मी म्हणालो.

ती आली. आधी आवाज कापत होता, पण ओळीपुढं उभी राहिली आणि सगळं विसरली. "एक नंबर कोण? रुद्राणी, पुढं ये. शेवटचा नव्याण्णव, तू पण. हात धरा. दोघांचे मिळून किती?"

"शंभर!"

"आता दोन नंबर अन् अठ्ठ्याण्णव?"

"शंभर!"

"एका टोकाचा एकानं वाढतो, दुसऱ्या टोकाचा एकानं घटतो. म्हणून प्रत्येक जोडी शंभराचीच. चला, पटापट जोड्या लावा."

मैदानात एकच गोंधळ उडाला. सत्तावन्न त्रेचाळीसला शोधतोय, तीस सत्तरला हाका मारतोय. धूळ खाली बसली तेव्हा एकोणपन्नास जोड्या झाल्या होत्या आणि मध्ये पाचवीतला रुद्रेश एकटाच, रडवेल्या तोंडानं. "ताई, मला कुणीच न्हाई."

"तू कोण?"

"पन्नास."

"मग तू एकटाच पन्नास. एकोणपन्नास जोड्यांचे चार हजार नऊशे, अन् तुझे?"

"चार हजार नऊशे पन्नास!" रुद्रेश ओरडला. रडणं कुठल्या कुठं पळालं.

मी खूश झालो. वाटलं, झालं, आता बजरंगची फजिती पुरी. पण अपेक्षा थांबली नाही. तिनं उरलेली चिठ्ठी उचलली आणि बजरंगपुढं धरली. "सर, तुम्ही शंभर व्हा. शेवटी उभे राहा. आता सगळ्यांनी हात सोडा अन् पुन्हा दोन्ही टोकांकडून जोड्या लावा."

एवढा सहा फुटी गडी मुकाट्यानं ओळीच्या टोकाला गेला. रुद्राणी पळत आली आणि तिनं त्याचं बोट धरलं. दोनला नव्याण्णव मिळाला, तीनला अठ्ठ्याण्णव. आणि मधल्या रुद्रेशला एक्कावन्न नंबर भेटला. आता एकटं कुणीच नव्हतं.

"सर, तुमची जोडी कितीची?"

बजरंगनं स्वतःच्या चिठ्ठीकडं पाहिलं, रुद्राणीच्या चिठ्ठीकडं पाहिलं. "एकशे एक." मग शेजारची जोडी पाहिली. "ही बी एकशे एक. सगळ्याच! अन् जोड्या पन्नास..." त्याचे ओठ हलत होते. एकदम ओरडला, "आयला! म्हणून पाच हजार पन्नास!"

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो बोटांवर मोजत पुटपुटत होता. "मग दोनशेपर्यंत गेलं तर जोडी दोनशे एकाची. जोड्या शंभर. वीस हजार शंभर! गुरुजी, बरोबर हाय?"

"बरोबर," मी म्हणालो. माझाच विश्वास बसेना.

सुंदरराव खुर्चीतून उठून आले. आवाज बारीक करून म्हणाले, "बजरंग्या, हे उत्तर तुला कुणी सांगितलं बे?"

"कुनीच न्हाई, मामा." बजरंगचा चेहरा असा फुलला होता की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. "हे माझं मलाच आलं. आयुष्यात पयल्यांदा." त्यानं अपेक्षाकडं पाहिलं. "जागा हिलाच द्या, मामा. न्हाईतर ही पोरं माझ्यासारखी व्हतील."

सुंदरराव भाच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडं कागद मागितला.