अकराचा फोन

सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या वन्संना त्या गुरुवारी सकाळी आपल्याच पत्रातला मजकूर वाचवेना. अक्षरं दिसत होती, पण डोळे पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होते.

महिनाअखेर छापखाना बंद होणार होता. औषधांच्या खोक्यात असतात ती माहितीपत्रकं छापणाऱ्या एका कंपनीकडे त्यांनी अर्ज केला. परवा उत्तर आलं. भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंनी ईमेलवर लिहिलं होतं, 'आपला अनुभव आवडला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं फोनवर बोलू या का?'

दहा मिनिटं! वन्संना फोनवर दहा शब्दही कळत नसत. पूर्वी एक जण मोठ्यानं वाचायचा नि दुसरा प्रूफ पाहायचा, तेव्हा कुठला स्वल्पविराम राहिला तेही त्यांना नुसतं ऐकून कळे. पण त्यांचं टेबल छपाईयंत्रांच्या खोलीच्या भिंतीला लागून होतं. कान कधी गेले ते कळलंच नाही. समोरच्याचे ओठ दिसले की सारं समजे. फोनला कुठून ओठ असणार?

त्यातून अर्जावर नंबर वहिनींचा. घरातली पद्धतच पडली होती. वन्संचा फोन वहिनींनी घ्यायचा नि, "हो, मीच बोलतेय," म्हणायचं. गॅसवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्यांचा आवाज म्हणजे वन्संचा आवाज. अर्ज भरताना सवयीनं तोच आकडा लिहिला गेला.

"मी बोलते की," वहिनी म्हणाल्या होत्या. "प्रुफांची चार वाक्यं पाठ करून द्या मला. पोपटासारखी म्हणीन."

"आणि समोर बसायची वेळ आली की? आवाज तुमचा, तोंड माझं?"

"सर्दी झाली होती म्हणा."

वहिनी हसल्या, वन्सं मात्र हसल्या नाहीत. खोटं उघडं पडलं तर ही नोकरी तर जाईलच, शिवाय सव्वीस वर्षांचं नावही जाईल. चुका शोधण्यावर पोट असलेल्या बाईनं पहिल्याच पायरीवर चूक लपवायची?

म्हणून काल संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'फोनवर बोलण्याची तयारी दाखवलीत, आभारी आहे. मला फोनवर बोलणं जमण्यासारखं नाही. आपली हरकत नसेल तर पुढचं ईमेलवरच करू या का? प्रश्न लिहून पाठवलेत तर त्याच दिवशी उत्तर देईन. प्रत्यक्ष भेटीलाही मी केव्हाही येईन.' कारण लिहिलं नव्हतं. ते लिहायला जीभ, म्हणजे बोटं, रेटत नव्हती.

सकाळपर्यंत उत्तर नाही. "उद्धट वाटलं असेल," वन्सं दहाव्यांदा म्हणाल्या. "दारात आलेल्या लक्ष्मीला, चिठ्ठी लिहून ठेव, म्हणाले मी."

"लक्ष्मीलाही वाचता येत असेल हो," वहिनींनी भाजी निवडता निवडता सुनावलं.

अकराला दोन मिनिटं असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन थरथरला. वन्संना वाजलेला ऐकू आला नाही. टेबलावर टेकवलेल्या कोपराला समजला. अनोळखी नंबर.

वहिनींनी ओले हात पदराला पुसले, घसा साफ केला, फोनकडे हात नेला.

वन्संनी त्यावर पंजा ठेवला.

"अहो, वेड लागलं का काय! जाईल ना हातची!"

वन्संनी मान हलवली. तळव्याखाली फोन धडधडत होता, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखा. किती वेळ धडधडला देव जाणे. मग गप्प झाला. वहिनी पुन्हा भाजीकडे वळल्या.

"गेली," वन्सं म्हणाल्या.

वीस मिनिटांनी ईमेल आला. वन्संना उघडवेना, वहिनींनी समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश वाचलं. 'क्षमस्व, आपलं पत्र वाचण्याआधीच फोन लावला. ईमेलवर चालेल. सहा प्रश्न सोबत पाठवत आहे, दोन पानांचा तपासणीचा नमुनाही. आज पाचपर्यंत पाठवाल का? भेटीच्या वेळी काही सोय लागणार असेल तर तेही कळवा.'

नमुन्याला वन्संना तासही लागला नाही. एका पानावर गोळीचं वजन दोन ठिकाणी वेगळं होतं, तेही सापडलं. प्रश्नांची उत्तरंही झाली. सोयीबद्दलच्या शेवटच्या ओळीपाशी मात्र घड्याळात साडेचार वाजले तरी बोटं थबकलेलीच. ऐकू येत नाही असं लिहिलं तर कदाचित सगळं संपलं. न लिहिलं तर भेटीच्या दिवशी कुणी पाठमोरं बोललं की संपलंच.

"वहिनी, इथेच बसा," त्या म्हणाल्या. "नुसत्या बसा. माझ्या वतीनं बोलू नका."

मग त्यांनी लिहिलं, 'मला कमी ऐकू येतं. फोनवर जवळजवळ नाहीच. कृपया माझ्यासमोर बसून बोलावं, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. अर्जातला नंबर माझ्या वहिनींचा आहे.'

एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. चूक सापडेना. पाचला पाच मिनिटं असताना त्यांनी डोळे मिटले आणि पाठवलं.