चौथ्या ओळीचा पुरावा

सव्वासातची प्रार्थना संपली आणि कुलथेबाईंनी अकरावीच्या, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलींना प्रश्नपत्रिकेचे फोटो वाटले. इंग्रजीच्या जुन्या पेपरची एकच प्रत मिळाली होती, म्हणून त्यांनी श्रीरामपूरच्या स्टुडिओतून तिचे फोटो काढून आणले होते. त्या पेपरवर घेतलेल्या चाचणीवरून मॅट्रिकच्या परीक्षेचे फॉर्म कुणाचे भरायचे, ते ठरणार होते.

दुपारी पर्यवेक्षक खर्डेसरांनी राही मोकाटेला समोर उभं करून तिची उत्तरपत्रिका कुलथेबाईंच्या टेबलावर आपटली.

“‘स्कँटी’ हा शब्द वर्गात झालेलाच नाही. हिला अर्थ कसा आला? कॉपी! फॉर्मच्या यादीतून नाव काढा.”

राही संतापून पुढे झाली. “उताऱ्यातच हाय की, सर! चौथ्या ओळीत चार घरांत मिळून एक हंडा पाणी लिव्हलंय. मंग स्कँटी म्हंजी अपुरं. ती ओळ बी मी उतरवलीया.”

“उलट बोलतेस?”

बाईंनी फोटो आणि उत्तर शेजारी ठेवले. ओळ शब्दशः जुळत होती.

“न शिकवलेला उतारा दिला तो याचसाठी, सर,” बाई कडाडल्या. “मुलीने स्वतः विचार केला, हा गुन्हा झाला का?”

खर्डेसर पाय आपटत निघून गेले.

बाईंनी त्या प्रश्नाला पूर्ण गुण दिले, यादीत राहीचे नाव लिहिले, वर्गशिक्षिका म्हणून सही केली आणि यादी हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.